8 मेचं लग्न: काय पक्कं, काय बाकी

सोमवार, 20 एप्रिल 2026. लग्नाला 18 दिवस. गोरज मुहूर्त, संध्याकाळी 6.50. पाहुणे अंदाजे 700.

ही यादी काकाजींसाठी (नवरीचे बाबा), मामांसाठी आणि माझ्याकडच्या दोघा पोरांसाठी. दोन दिवसांआड मी ती पुन्हा तपासून पाठवीन. यंदा 17 मेपासून अधिक ज्येष्ठ लागतो, म्हणून सगळ्यांनी लग्नं त्याच्या आधी काढली आहेत. दारव्हा तालुक्यातला प्रत्येक बिछायतवाला, आचारी, टँकरवाला एका दिवशी दोन-दोन ठिकाणी "येतो ना भाऊ" म्हणतो आहे. तोंडी होकाराला मी खूण करत नाही. पावती, नाहीतर तारीख-वेळेसकट मोबाइलवर लेखी उत्तर आलं, तरच ☑.

सर्वात आधी पाणी

☐ वापरायच्या पाण्याचे टँकर 2, एक 7 तारखेच्या रात्री, दुसरा 8 ला दुपारी 2 वाजता. दर 1,500 प्रमाणे 3,000. टँकरवाला हो म्हणाला आहे, पण लिहून दिलेलं नाही. पोरांनो, बुधवारपर्यंत त्याच्या घरी जाऊन पक्कं करा, फोनवर नको. गेल्या मे महिन्यात मीच सांभाळलेल्या एका लग्नात असाच होकार होता. गाडी आलीच नाही आणि पंगत बसायच्या वेळी हात धुवायला थेंब नव्हता. नवरीच्या आईच्या डोळ्यांतलं पाणी मी विसरले नाही. म्हणून या वेळी दुसऱ्या टँकरवाल्याचाही नंबर हाताशी हवा, आणि लॉनची टाकी 7 लाच काठोकाठ.

☐ प्यायचे थंड जार, 20 लिटरचे 120. दर 30, एकूण 3,600. निम्मे दुपारी 4 ला, निम्मे 6 ला. सगळे एकदम घेतले तर या उन्हात जेवणापर्यंत कोमट होतात.

☐ ओआरएसची पाकिटं, लिंबू, साखर, कांदे. वरातीत उन्हात नाचणाऱ्या पोरांसाठी जानोशात एक माणूस फक्त पाणी द्यायला. कुणाला भोवळ आली तर सरळ 108.

लॉन आणि बिछायत

☑ लॉन बुक, पावती काकाजींकडे. भाडं 75,000, दिले 25,000, बाकी 50,000. अट अशी की सात दिवस आधी पूर्ण रक्कम, म्हणजे 1 मे. त्या दिवशी महाराष्ट्र दिनाची सुट्टी, बँक बंद. म्हणून 30 एप्रिललाच द्यायचे.

☐ विजेचं मीटर रीडिंग लॉनवाल्यासमोर, किल्ली घेतानाच फोटो काढून. वाद तिथेच होतात.

☐ बिछायत: मांडव, स्टेज, खुर्च्या 500, जम्बो कूलर 12, भांडी. ठरले 1,10,000, दिले 40,000, बाकी 70,000. कूलर 12 म्हणजे 12. मागच्या आठवड्यात त्यानं "10 देतो, वारा चांगला लागते" म्हटलं, मी ऐकलं नाही. चार कूलर बायकांच्या बाजूला, दोन जानोशात, दोन नवरीच्या खोलीबाहेर, उरलेले स्टेज आणि पंगतीकडे. भांडी मोजून घ्यायचं काम मामांचं. मोजणीच्या कागदावर दोघांची सही, परत करतानाही तोच कागद.

☐ जनरेटर 62.5 केव्हीए. ठरले 12,000, दिले 3,000, बाकी 9,000, डिझेल वेगळं. डिझेल 8 ला सकाळीच भरून ठेवायचं, चालवणारा माणूस रात्री 11 पर्यंत जागचा हलणार नाही असं लिहून घ्यायचं. मंगलाष्टकं चालू असताना माइक बंद पडणं मला सहन होत नाही.

जेवण

☑ आचारी पक्का, 700 ताटांची मजुरी 42,000, दिले 10,000, बाकी 32,000. त्याची माणसं 9, पोळ्या लाटणाऱ्या बाया 8. बायांची ने-आण आपल्याकडे, गाडी ☐.

☐ किराणा 1,35,000 च्या आसपास. आचाऱ्याची यादी मी दुकानदाराकडे दिली: तांदूळ 60 किलो, कणीक 70, तूर डाळ 30, तेलाचे 15 किलोचे 5 डबे. वांगी 80 किलो, 8 च्या पहाटेच बाजारातून, आदल्या दिवशी आणू नका.

☐ गॅस: 19 किलोचे 8 सिलिंडर. घरगुती सिलिंडर लावायचे नाहीत.

☐ मेनूचा शेवटचा निर्णय. पोळी, वांग्याची भाजी, वरण-भात, भजे, बुंदी, मठ्ठा यावर सगळे राजी आहेत. आमरसाचा आग्रह काकूंचा आहे. काकू, तुमचा शब्द मी मोडणार नाही, पण मेच्या उन्हात 700 माणसांचा रस दुपारी काढून रात्रीपर्यंत ठेवणं मला धोक्याचं वाटते. त्यापेक्षा हळदीला 7 तारखेला घरच्या 80 माणसांत रस करू. मठ्ठ्याचं दही 8 च्या सकाळी. बर्फ डब्याच्या बाहेरून लावायचा, आत टाकायचा नाही.

वरपक्ष आणि वरात

☐ कारंज्याहून तीन एसटी गाड्या प्रासंगिक कराराने. पैसे वरपक्ष भरणार आहे, पावतीचा फोटो अजून आला नाही. काकाजी, तुम्ही नका विचारू, व्याह्यांना बरं वाटणार नाही. मी त्यांच्या मधल्या भावाशी बोलते.

☐ वरात 5 वाजता निघाली तरच मुहूर्त साधते. बँडवाल्याला वरपक्षाकडून हेच सांगायला लावायचं. रात्री 10 नंतर लाउडस्पीकर चालत नाही. पोलीस ठाण्याचा परवाना ☐, अर्ज गुरुवारी मोठा पोरगा नेईल.

☑ गुरुजी. ☑ पत्रिका वाटप, सोयऱ्यांची सात घरं उरली. ☐ घोडी. ☐ रुखवताचं टेबल.

☐ पार्लर आणि मेहंदी: ठरले 15,000, दिले 5,000, बाकी 10,000. मेहंदी 6 ला.

☐ फोटो-व्हिडिओ: ठरले 55,000, दिले 20,000, बाकी 35,000. आजीचा आणि नवरीचा एकत्र फोटो मांडवाच्या दिवशीच काढायला सांगितलं आहे. आजींना 8 च्या गर्दीत स्टेजवर चढवत नाही.

☐ विवाह नोंदणी: नमुना ड, दोघांचे वयाचे आणि पत्त्याचे पुरावे, तीन साक्षीदार. गुरुजींची सही त्याच दिवशी घ्यायची. ग्रामसेवकांकडे 90 दिवसांच्या आत द्यायचा आहे, पण मी लग्नानंतर पुढच्याच आठवड्यात नेते.

पैसे कधी, किती

काकाजी, एकूण देणं 3,47,600. तुरीचे पैसे 23 पर्यंत जमा होतील म्हणालात, त्या हिशोबानं लावलं आहे. कुणी "आत्ताच द्या" म्हटलं तर माझं नाव सांगा.

24 एप्रिल, शुक्रवार: किराणा 70,000. 25 ला चौथा शनिवार, बँक बंद. उरलेले 65,000 लग्नानंतर आठ दिवसांत, दुकानदार राजी आहे.
28 एप्रिल: बिछायत 30,000.
30 एप्रिल: लॉन 50,000.
8 मे: पार्लर 10,000 सकाळी. पाण्याचे 6,600 दोन्ही खेपा आल्यावर. जनरेटर 9,000 आणि आचारी 32,000 पंगती उठल्यावर. फोटोवाला 15,000.
9 मे: बिछायतीचे 40,000 भांड्यांची मोजणी झाल्यावर. 9 ला दुसरा शनिवार, पुढे रविवार, म्हणून 8 आणि 9 चे मिळून 1,12,600 हे 7 तारखेलाच काढून मामांच्या पिशवीत, प्रत्येकाचं नाव लिहिलेल्या वेगळ्या पाकिटात.
अल्बम हातात आल्यावर: फोटोवाला 20,000.

पुढची तपासणी बुधवारी, 22 ला संध्याकाळी काकाजींच्या ओसरीवर. टँकरचा कागद, एसटीची पावती आणि कूलरचं लेखी उत्तर, ही तीन त्या दिवशी मला हातात हवीत.