ओम्या, √50 चं गणित, आता शांतपणे वाच

तुझा वहीचा फोटो बघितला. पहिल्या दोन ओळी बरोबर आहेत आणि तिसऱ्या ओळीत माती खाल्लीयस, म्हणजे f'(x) = 1/(2√x) इथपर्यंत ठीक आणि मग पठ्ठ्याने x च्या जागी 50 टाकले. अरे बाबा, √50 किती ते माहीत नाही म्हणून तर हा सगळा उद्योग चाललाय, आणि तू उत्तरातच √50 घेऊन बसलास! पेन्सिलने खोडून परत तेच लिहिलंयस, म्हणजे काहीतरी खटकत होतं तुलाही.

फॉर्म्युला पाठ आहे तुझा, f(a+h) ≈ f(a) + h·f'(a), पण तो आला कुठून ते विसरलास की a कोण आणि h कोण यात गोंधळ होणारच. म्हणून आधी टॅंजंट लिहू, फॉर्म्युला आपोआप येतो.

50 च्या जवळ असा आकडा शोध ज्याचं वर्गमूळ झोपेतही सांगता येईल. 49. झालं, आपला मुक्काम 49 ला, सगळी आकडेमोड तिथेच करायची. y = √x या कर्व्हवर पॉइंट आला (49, 7), तिथला स्लोप 1/(2√49) = 1/14, आणि पॉइंट-स्लोप वापरून लाइन:

y − 7 = (1/14)(x − 49)

बोर्डाला हवं तसं सरळ करून लिहायचं तर x − 14y + 49 = 0. लगेच (49, 7) टाकून बघ, 49 − 98 + 49 = 0, बरोबर. हा चेक दहा सेकंदांचा आहे आणि तू तो कधीच करत नाहीस.

आता मुद्दा. या लाइनने कर्व्हला 49 ला हात लावलाय आणि त्याच दिशेने सरळ निघालीय. कर्व्ह हळूहळू वाकतो, पण 49 च्या अगदी शेजारी दोघांत फरक एवढा कमी की डोळ्यांना कळणार नाही. म्हणून 50 ला कर्व्हची उंची काढता येत नसेल तर लाइनची काढ, ती तर नुसती भागाकाराची बाब:

y = 7 + (1/14)(50 − 49) = 7 + 1/14 ≈ 7.0714

बघ, x − 49 म्हणजेच h, 7 म्हणजे f(a), 1/14 म्हणजे f'(a). फॉर्म्युला म्हणजे टॅंजंटचंच इक्वेशन, फक्त कपडे बदललेले. आणि शेवटी = नाही लिहायचं, ≈ लिहायचं, कारण लाइनची उंची 7.0714 आहे, कर्व्हची नाही.

आता खरं √50 येतं 7.07107 च्या आसपास. म्हणजे चूक चौथ्या दशांश स्थळाला, साधारण 0.00036. एका भागाकारात एवढं मिळालं तर अजून काय पाहिजे, सांग.

कॅल्क्युलेटर नसला तरी चूक किती ते कळतं, ही गोष्ट मला आवडते. उत्तराचा वर्ग कर:

(7 + 1/14)² = 49 + 1 + 1/196

मधला 1 हा 2 × 7 × 1/14 मधून आला, आणि आपल्याला हवे होते 50, मिळाले 50 आणि वर 1/196. हा जो शेवटचा तुकडा आहे ना, तो वर्ग असल्यामुळे नेहमी प्लसच असणार, h प्लस असो की मायनस. म्हणजे वर्गमुळाचं असं काढलेलं उत्तर खऱ्यापेक्षा कायम थोडं जास्तच येतं. ग्राफ काढून बघ, √x चा कर्व्ह खाली झुकत जातो आणि टॅंजंट दोन्ही बाजूंना त्याच्या वर राहते. MCQ मध्ये एखादा पर्याय खऱ्या किमतीपेक्षा कमी दिसला की तो डोळे झाकून काट.

अजून एक, हे वर्गात बहुतेक सांगत नाहीत. 49 वरून 50 ला गेल्यावर वर्गमूळ खरं किती वाढलं ते काढ: √50 − 7, याला वर-खाली √50 + 7 ने गुण, येतं 1/(√50 + 7). खाली तो त्रासदायक √50 आहे, आपण त्याच्या जागी 7 टाकतो, 1/14 होतं. बस, टॅंजंटने एवढंच केलं, 7.07 च्या जागी 7 चालवून घेतलं.

मायनसवाल्यात तू हमखास गडबडतोस म्हणून एक तेही. √48.6. मुक्काम तोच, स्लोप तोच, h = 48.6 − 49 = −0.4. तर 7 − 0.4/14 ≈ 6.9714, खरं 6.97137, परत किंचित जास्तच. तू मागच्या वेळी 48 घेऊन h = 0.6 केलं होतंस, कारण मायनस नको होता. 48 चं वर्गमूळ कुठून आणणार होतास ते तुलाच ठाऊक.

आणि मुक्काम जवळचाच घे. √50 साठी 64 घेऊन बघितलं तर 8 − 14/16 = 7.125 येतं, अगदीच गचाळ. √60 ला मात्र 64 च बरा, 8 − 4/16 = 7.75, खरं 7.746. तेच 49 वरून केलंस तर 7.786. लाइन जेवढी लांब जाईल तेवढा कर्व्ह तिच्यापासून सुटत जातो, आणि चूक h च्या वर्गाच्या हिशोबाने वाढते, अंतर दुप्पट तर चूक साधारण चौपट.

आता थोडं अवांतर, झोप आली असेल तर सोड. बौधायन शुल्बसूत्रात √2 ची किंमत दिलीय: 1 + 1/3 + 1/12 − 1/(12×34). पहिले तीन तुकडे मिळून 17/12. त्याचा वर्ग 289/144, म्हणजे 2 पेक्षा 1/144 ने जास्त. आता 289/144 ला मुक्काम कर, तिथे टॅंजंट काढ, h = −1/144, स्लोप 1/(2 × 17/12) = 12/34 म्हणजे 6/17. गुणाकार केलास की बरोब्बर −1/408, आणि 12×34 = 408! त्यांनी कसं काढलं ते सूत्रात लिहिलेलं नाही, टॅंजंट काढली असेल असं मी म्हणतही नाही, पण दुरुस्ती शेवटच्या पूर्णांकापर्यंत तीच. मी पहिल्यांदा हे जुळवून बघितलं तेव्हा रात्री पावणेबाराला आईला उठवून दाखवलं होतं, तिने "उद्या बघते" म्हणून कूस बदलली.

बरं, √80 तू कर. 81 वरून, h किती ते नीट लिही, टॅंजंटचं इक्वेशन आधी आणि किंमत नंतर, आणि उत्तराचा वर्ग करून किती जास्त आलं तेही लिही. 1/324 आलं नाही तर मला फोटो पाठवू नकोस, आधी स्वतः शोध कुठे चुकलं ते.