विषय: तुमच्या अपॉइंटमेंट फॉर्मचं नवं डिझाइन, दोन आठवड्यांत

नमस्कार सुजाता मॅडम,

मी मेघना, वेबसाइट आणि ॲपची डिझायनर. गेली सात वर्षं स्वतंत्रपणे काम करते, त्यातलं बरंचसं दवाखान्यांसाठी.

काल मोबाइलवर तुमच्या फिजिओथेरपी केंद्राचा अपॉइंटमेंट फॉर्म भरून पाहिला. एकूण अकरा रकाने आहेत. फोन नंबरात एक आकडा कमी टाकून पाठवला, तर चूक दाखवताना फॉर्मने भरलेलं सगळं पुसून टाकलं. खांदा दुखतोय म्हणून एका हाताने टाइप करणारा पेशंट तो दुसऱ्यांदा भरेल असं मला वाटत नाही. तो फोन करेल, नाहीतर दुसरीकडे जाईल.

पहिल्या भेटीची वेळ ठरवायला नाव, फोन, दुखणं कुठे आहे आणि सोयीची वेळ, एवढं पुरतं. बाकीची माहिती केंद्रात आल्यावर घेता येते. चूक झाली तर फक्त तोच रकाना दाखवायचा, बाकीचं जसंच्या तसं ठेवायचं.

दुसरी गोष्ट मराठी मजकुराची. मथळ्यांना letter-spacing दिल्यामुळे शिरोरेषा अक्षरागणिक तुटते आहे. ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या मापाने ठेवल्याने वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात. सूचनांचा करडा रंग #999999 पांढऱ्यावर जेमतेम 2.85:1 कॉन्ट्रास्ट देतो. सुगम्यतेच्या WCAG निकषांत साध्या मजकुराला किमान 4.5:1 लागतो. तुमचे बरेचसे पेशंट साठीच्या पुढचे असतील, तर हे आधी दुरुस्त व्हायला हवं. मराठी नीट वाचता येणं ही माझ्या लेखी सजावटीची बाब नाही, म्हणून तीवर मी जास्त वेळ देते.

सोबतच्या दोन पानी पीडीएफमध्ये तुमच्याच फॉर्मचा नवा आराखडा आहे. तो तुम्ही कामाचं ठरवण्याआधीच केला आहे, म्हणजे माझी पद्धत प्रत्यक्ष दिसेल. दुसऱ्या पानावर मानधन आणि अटी आहेत: अर्धी रक्कम सुरुवातीला, दुरुस्तीच्या दोन फेऱ्या धरलेल्या. कोडिंग माझ्याकडे नाही. तुमच्या डेव्हलपरला मापं, रंग आणि फॉन्टच्या तपशिलासह तयार फाइल्स देईन आणि पान सुरू होईपर्यंत त्यांच्या शंकांना उत्तरं देईन.

याआधी एका दंतचिकित्सालयाचा चौदा रकान्यांचा फॉर्म सहावर आणला. तिथल्या रिसेप्शनिस्टशी तुमचं बोलणं करून देऊ शकते; रोज फॉर्म हाताळणाऱ्या माणसाचं मत माझ्या शब्दांपेक्षा उपयोगी पडेल.

येत्या बुधवारी सकाळी अकराला वीस मिनिटं फोनवर बोलूया. ती वेळ जमत नसेल तर गुरुवारी दुपारी चारनंतर मी मोकळी आहे. तुमच्या रिसेप्शनवरचं कुणी सोबत असेल तर फार बरं, कारण कोणता रकाना खरोखर लागतो हे त्यांनाच नेमकं माहीत असतं.

आपली,
मेघना