पहिल्या शुभेच्छा

नातवाने आणलेला नवा फोन आजीने कित्येक दिवस फडताळात रुमालात गुंडाळून ठेवला होता, कारण चारचौघांत बोलायलाही संकोचणाऱ्या तिला आपले लिहिणे वाचून कोणी हसेल, अशी धास्ती वाटत असे. नारळी पौर्णिमेला घरची मंडळी मालवणच्या बंदरावर सागराला नारळ अर्पण करायला गेली, तेव्हा तिने पदराला बोट पुसून, एकेक अक्षर शोधत, मुंबईच्या धाकट्या जावेला लिहिले, “नारळी पौर्णिमेच्या शुभेच्छा. नारळीभात केला आहे.” (गुळाचाच, हे सांगण्याची गरज नव्हती.) लगेच उत्तर आले, “जाऊबाई, तुमच्या नारळीभाताची फार आठवण येते. असेच रोज लिहीत जा, मी वाट पाहीन.” ते पुन्हा पुन्हा वाचून, भाताचा फोटो कसा पाठवायचा हे विचारायला, आजी नातवाची वाट पाहू लागली.