विषय : 13 ते 26 जून 2025 या काळातील रुग्णालयातील वास्तव्याची वैद्यकीय आवश्यकता

पुणे, 4 जुलै 2025

प्रति,
वैद्यकीय अधिकारी, आरोग्य विमा दावे विभाग

महोदय,

कोथरूड येथील 58 वर्षीय मधुमेही रुग्णाच्या दाव्यासंबंधी (नाव व पॉलिसी क्रमांक सोबतच्या फॉर्मवर आहेत) आपण 12 जूनपर्यंतचा खर्च मान्य केला असून, पुढील 14 दिवस रुग्णाला ताप नव्हता, त्यामुळे ते केवळ देखरेखीचे होते, असे कळविले आहे. त्या दिवसांत रुग्णाला ताप नव्हता हे खरे आहे. निष्कर्ष मात्र मला मान्य नाही.

3 जून रोजी रुग्ण दाखल झाला तेव्हा उजव्या पायाच्या तळव्यात गळू होते, साखर 486 आणि क्रिएटिनिन 2.9 होते. त्याच रात्री गळूची शस्त्रक्रिया झाली. रक्ताच्या कल्चरमध्ये स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू आढळला, आणि योग्य अँटिबायोटिक सुरू असतानाही 6 जूनच्या कल्चरमध्ये तो पुन्हा वाढला. 8 जूनचे कल्चर प्रथमच निर्जंतुक आले. हा जंतू रक्तातून हृदयाच्या झडपांत किंवा मणक्यात जाऊन बसतो, म्हणून ताप उतरला की उपचार संपले असे येथे धरता येत नाही.

तसेच घडले. 11 जूनला कंबरदुखी सुरू झाली आणि एमआरआयमध्ये तिसऱ्या व चौथ्या कटिमणक्यांमधील चकतीत संसर्ग, शिवाय मज्जारज्जूच्या आवरणालगत लहानसा पू साठलेला दिसला. पायांत कमजोरी नसल्याने न्यूरोसर्जनने शस्त्रक्रिया टाळली, परंतु दर सहा तासांनी पायांची ताकद व लघवीवरील नियंत्रण तपासण्याच्या अटीवरच. असा पू वाढल्यास काही तासांत पाय लुळे पडू शकतात आणि ते पूर्ववत होतीलच याची खात्री नसते. ही तपासणी घरच्या माणसांवर सोपविणे मला शक्य नव्हते.

याच काळात, 17 जूनला, जखमेच्या कडा मृत झाल्याने ती ऑपरेशन थिएटरमध्ये पुन्हा साफ करावी लागली. मूत्रपिंडाचे कार्य सुधारत होते, तसतसा शिरेतून द्यायच्या सेफाझोलिनचा डोस रोज ठरवावा लागत होता. तोंडाने घ्यायच्या गोळ्यांचा आपण सुचविलेला पर्याय संसर्गतज्ज्ञांशी चर्चा करून आम्ही विचारात घेतला होता. मज्जारज्जूजवळ पू असताना तो सुरक्षित वाटला नाही.

20 जूनच्या एमआरआयमध्ये पू कमी झालेला दिसला आणि 22 जूनला क्रिएटिनिन 1.4 वर आले. त्यानंतरच, 24 जूनला, दंडातून लांब पल्ल्याची सलाईनची नळी बसविली, जेणेकरून उरलेले इंजेक्शन 20 जुलैपर्यंत घरी देता येईल. घरी येणाऱ्या नर्सची व्यवस्था होईपर्यंत 25 जूनचा दिवस गेला, हे नमूद करणे माझे कर्तव्य आहे. त्या एका दिवसाबाबत आपण वेगळा निर्णय घेतल्यास माझी हरकत नाही. उर्वरित वास्तव्य वैद्यकीयदृष्ट्या अपरिहार्य होते.

कल्चरचे व दोन्ही एमआरआयचे अहवाल, न्यूरोसर्जनची टिपणे आणि नर्सिंग चार्ट सोबत जोडले आहेत. आपल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांशी दूरध्वनीवर चर्चा करण्यास मी तयार आहे.

आपला विश्वासू,
उपचार करणारे फिजिशियन
कर्वे रस्ता, पुणे