लिमिट म्हणजे पोहोचणं का? (अकरावी विज्ञान, पहिल्या दोन तासांचे प्रश्न)

मॅडम, सोमवारी ‘ब’ तुकडीवर तुम्ही लिमिट सुरू करताय, म्हणून माझ्या वहीतले प्रश्न उतरवून देतोय. प्रश्न फळ्यावर जसेच्या तसे लिहा, ‘टीप’ फक्त आपल्यासाठी. बाकी काहीही बदला, पण 3, 4, 5 हा क्रम मोडू नका.

हे प्रश्न का लागले ते सांगतो. गेल्या वर्षी मी पहिल्याच तासाला अवयव पाडून लिमिट काढायला शिकवलं. पंधरा दिवसांनी एका हुशार मुलाला सहज विचारलं, “लिमिट म्हणजे काय रे?” तो म्हणाला, “सर, x च्या जागी 2 ठेवल्यावर जे येतं ते.” आणि शून्य भागिले शून्य आलं तर? “मग वरखाली काटायचं आणि पुन्हा ठेवायचं.” चाचणीत त्याला वीसपैकी एकोणीस होते. दोष त्याचा नव्हता. मी विचारलेल्या एकाही गणितात हे उत्तर उघडं पडत नव्हतं.

प्रश्न 1. वह्या बंद. प्रत्येक वाक्यासाठी हात वर करा: बरोबर की चूक?
(अ) फंक्शनला एखाद्या ठिकाणी किंमतच नसेल, तर तिथे लिमिटही नसते.
(आ) f(2) = 7 असेल, तर x → 2 असताना f(x) ची लिमिट 7 च असते.
(इ) फंक्शन लिमिटच्या जवळ जवळ जातं, पण लिमिटला कधीच पोहोचत नाही.
(ई) लिमिट ओलांडता येत नाही.

टीप: चारही चूक आहेत, पण आज सांगू नका. हातांची संख्या फळ्याच्या कोपऱ्यात लिहा आणि दोन्ही तास पुसू देऊ नका. (आ) आणि (इ) एकमेकांशी भांडतात, तरी दोन्हींना हात वर करणारी पाच-सहा मुलं असतातच. (ई) चं खापर थोडं आपल्या भाषेवरही फुटतं. सीमा म्हटलं की गावाची शीव, हद्द, वेगमर्यादा. घरीही ‘लिमिट क्रॉस करू नकोस’ ऐकतच मुलं मोठी होतात. गणितातली लिमिट ही तटबंदी नाही, हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

प्रश्न 2. तीन फंक्शन घ्या.

```
f(x) = (x² − 4)/(x − 2)
g(x) = x + 2
h(x) = x + 2  (x ≠ 2),   h(2) = 100
```

(अ) x = 1.9, 1.99, 2.01, 2.1 ला तिन्हींच्या किमती काढा. कुठे फरक दिसतो का?
(आ) f(2), g(2), h(2) सांगा.
(इ) x → 2 असताना तिघांच्या लिमिट सांगा.
(ई) एका वहीत ‘f(2) = 4’ असं लिहिलंय. तुम्ही तपासनीस आहात. गुण द्याल?

टीप: (इ) मध्ये h साठी 100 म्हणणारे निघतील. त्यांना लगेच चूक म्हणू नका. “100 च्या जवळ जाणारी एक तरी किंमत टेबलमध्ये दाखव,” एवढंच म्हणा. मी चाळीचं उदाहरण देतो. 2 नंबरच्या खोलीला कुलूप असो, जुना भाडेकरू असो की कोणी भलताच येऊन राहिलेला असो, आपण चौकशी फक्त शेजाऱ्यांकडे करतो. f च्या खोलीला कुलूप आहे, h च्या खोलीत 100 नावाचा पाहुणा आहे. शेजारी मात्र तिन्हीकडे एकच सांगतात: 4. (ई) वर वाद होऊ द्या. काटाकाटी केल्यावर f चं g होत नाही. x = 2 सोडून दोघं सारखे, एवढंच. आणि लिमिटला तेवढंच पुरतं.

प्रश्न 3. स्टँडबाहेरच्या पार्किंगचा दर: पहिल्या तासापर्यंत 20 रुपये, पुढे प्रत्येक तासाला किंवा त्याच्या भागाला 10 रुपये. t तासांचं भाडं P(t).
(अ) P(1) किती? 59 मिनिटांनी किती? 61 मिनिटांनी किती?
(आ) बरोबर एका तासाला भाडं ठरलेलं आहे, पावतीवर छापून येतं. मग t → 1 असताना लिमिटही आहे का?

टीप: पटकन उरका. किंमत आहे, लिमिट नाही. डावीकडून 20, उजवीकडून 30. मुलांना हे लगेच पटतं, कारण एका मिनिटासाठी दहा रुपये प्रत्येकाने कधी ना कधी मोजलेले असतात.

प्रश्न 4. f(x) = sin(π/x). कोन रेडियनमध्ये. कॅल्क्युलेटर नको.
(अ) x = 0.1, 0.01, 0.001, 0.0001 ला f(x) काढा.
(आ) यावरून x → 0 असताना लिमिट किती वाटते? वहीत लिहा आणि खाली सही करा.
(इ) आता x = 2/5, 2/9, 2/13 ला काढा. मग 2/401 ला.
(ई) 0 च्या कितीही जवळच्या पट्ट्यात f(x) किती वेळा 0 होतं? किती वेळा 1 होतं?
(उ) तुमची सही मागे घ्यायची आहे का?

टीप: दोन तासांतला सगळ्यात मोलाचा प्रश्न हाच. वीस मिनिटं द्या. (अ) मध्ये sin 10π, sin 100π, sin 1000π… सगळी शून्यं येतात. वर्ग एका सुरात ‘शून्य’ म्हणतो, सह्या करतो. (इ) मध्ये sin(5π/2) = 1 आल्यावर आधी शांतता, मग मागच्या बाकावरून “सर, टेबल चुकलंय.” टेबल चुकलेलं नाही, आपण दाखले सोयीचे निवडले होते. मुद्दा असा बसवा: हे फंक्शन शून्याला एकदा नाही, अनंत वेळा पोहोचतं, आणि तरी शून्य ही त्याची लिमिट नाही. नुसतं पोहोचून भागत नाही, पोहोचल्यावर तिथे टिकावं लागतं. हे वाक्य मी स्वतः म्हणत नाही, कुणीतरी त्याच्या शब्दांत म्हणेपर्यंत थांबतो. गेल्या खेपेला एक मुलगी म्हणाली, “सर, हे पाहुण्यासारखं येतं आणि जातं, राहत नाही.” ते फळ्यावर लिहून ठेवलं.

सही मात्र घ्याच. नुसतं तोंडी उत्तर असेल तर (इ) नंतर सगळे ‘आम्हाला आधीच शंका होती’ म्हणतात.

प्रश्न 5. आता k(x) = x · sin(π/x).
(अ) x = 2/5 आणि x = 2/3 ला k(x) काढा. चिन्हं पाहा.
(आ) k(x) ची किंमत −|x| आणि |x| यांच्या बाहेर जाऊ शकते का?
(इ) x → 0 असताना लिमिट किती? फंक्शन ती लिमिट गाठतं का? ओलांडतं का?

टीप: 0.4 आणि उणे 0.667 च्या आसपास. लिमिट 0. गाठतं अनंत वेळा, ओलांडतं अनंत वेळा. इथे कोपऱ्यातल्या (इ) आणि (ई) कडे बोट दाखवा आणि गप्प राहा.

प्रश्न 6. c(x) = 5, प्रत्येक x साठी. x → 3 असताना लिमिट किती? “जवळ जाणं” कुठे घडलं?

टीप: ‘सर, हे तर आधीच पोहोचलंय, मग लिमिट कशी?’ असं कुणी म्हणालं, तर प्रश्न वसूल.

प्रश्न 7. चौदाव्या शतकात केरळात माधवाला ही मालिका ठाऊक होती:

```
π/4 = 1 − 1/3 + 1/5 − 1/7 + …
```

(अ) 4 ने गुणून पहिल्या पाच आंशिक बेरजा काढा.
(आ) त्या π च्या कोणत्या बाजूला आहेत?
(इ) एखादी आंशिक बेरीज बरोबर π होईल का? कारण द्या.

टीप: 4, 2.667, 3.467, 2.895, 3.340. एकदा वर, एकदा खाली. (इ) चं कारण मुलांकडूनच काढून घ्या: अपूर्णांकांची बेरीज परिमेय, π अपरिमेय. म्हणजे प्रश्न 5 मध्ये लिमिट अनंत वेळा गाठली, इथे एकदाही नाही, आणि लिमिट दोन्हीकडे आहे.

प्रश्न 8. विहिरीत सोडलेला दगड t सेकंदांत 4.9t² मीटर पडतो. 1 सेकंदापासून 1 + h सेकंदापर्यंतचा सरासरी वेग काढा.

```
h       सरासरी वेग (मी/से)
0.1     10.29
0.01    9.849
0.001   9.8049
−0.01   9.751
```

(अ) टेबलमध्ये 9.8 कधी येईल?
(आ) h = 0 ठेवलं तर काय होतं?
(इ) मग पहिल्या सेकंदाला दगडाचा वेग नेमका 9.8 आहे की साधारण 9.8?

टीप: (इ) वर वर्ग दुभंगतो. ‘साधारण’ म्हणणारे लिमिटला अंदाज समजतात. सरासरी वेग 9.8 + 4.9h आहे, h शून्य नसताना तो 9.8 कधीच होत नाही, पण त्या सगळ्यांची लिमिट म्हणजे नेमका 9.8. त्यात ‘जवळपास’ काही नाही. कुणी विचारलंच, “आधी h शून्य नाही म्हणून भागलं, मग शून्य धरलं, ही लबाडी नाही का?” तर त्याची पाठ थोपटा. बर्कली या धर्मगुरूने 1734 मध्ये हाच आक्षेप घेतला होता. समाधानकारक उत्तराची वाट कोशीने 1821 मध्ये दाखवली, आणि आज वापरतो त्या काटेकोर रूपात ते वायरश्ट्रासने मांडलं. आपण तिकडेच निघालोय.

प्रश्न 9. संगणक कक्षात, स्प्रेडशीटमध्ये A1 ला 0.0001 लिहा आणि B1 ला:

```
=(1-COS(A1))/A1^2
```

मग A1 मध्ये 0.00000001 लिहा. आधी साधारण 0.5, नंतर 0. खरी लिमिट कोणती?

टीप: 0.5. इतक्या लहान x ला cos x आणि 1 यांतला फरक यंत्राला साठवताच येत नाही, म्हणून वर शून्य उरतं. ‘आणखी जवळ जाऊन बघू’ ही सवय इथे दगा देते. कक्ष मिळाला नाही तर हा प्रश्न सोडून द्या.

प्रश्न 10. जोडीने खेळा. f(x) = 3x − 1, x → 2. एकाचा दावा: लिमिट 5. दुसरा अडवणारा: तो एक छोटी धन संख्या सांगतो, आणि दावा करणाऱ्याने 2 भोवती असा पट्टा द्यायचा की त्यातल्या प्रत्येक x ला (x = 2 सोडून) f(x) आणि 5 यांतलं अंतर त्या संख्येपेक्षा कमी राहील.
(अ) अडवणाऱ्याने 0.03 सांगितलं. पट्टा किती?
(आ) 0.0003 सांगितलं तर?
(इ) अडवणारा कधी जिंकू शकतो का?
(ई) आता f(2) बदलून 1000 करा. खेळात काय बदललं?
(उ) हाच खेळ प्रश्न 4 च्या फंक्शनवर, ‘लिमिट 0’ असा दावा करून खेळा. अडवणाऱ्याने कोणती संख्या सांगावी?

टीप: 0.01, 0.0001, नाही, काहीच नाही. (उ) ला 0.5 पुरते, मुलं 1 ही म्हणतील, तेही चालेल. एप्सिलॉन-डेल्टा ही नावं आत्ता काढू नका, खेळ हाताला बसू द्या. ‘x = 2 सोडून’ हे कंसातले शब्द मात्र कुणाला तरी मोठ्याने वाचायला लावा.

जाताना, चिठ्ठीवर, नाव न लिहिता: असं एक फंक्शन लिहा ज्याला x = 1 ला किंमत आहे आणि लिमिटही आहे, पण दोन्ही वेगळ्या आहेत. मग सोमवारी कोपऱ्यात लिहिलेल्या चार वाक्यांपैकी तुम्ही कोणत्या वाक्याला हात वर केला होता आणि आज ते वाक्य कसं लिहाल, तेही लिहा.

टीप: चिठ्ठ्या माझ्याकडेही पाठवा. ‘अ’ तुकडीच्या गठ्ठ्यात घालून एकत्रच वाचू.