तुझ्या पत्रातली पाच वाक्यं आणि सब्जंक्टिव्ह

सालामांकाला जिच्या घरी राहणार आहेस, त्या काकूंना लिहायच्या पत्रातली तुझी पाचही वाक्यं स्पॅनिशमध्ये करून दिली आहेत. उच्चार कळावा म्हणून देवनागरीत लिहितेय.

तुम्ही बऱ्या असाल अशी आशा आहे: एस्पेरो के एस्ते बिएन.
आईबाबांनी दिवाळीत इकडे यावं असं मला वाटतं: किएरो के मिस पाद्रेस बेंगान एन दिवाली.
बाबांना सुट्टी असेल असं वाटत नाही: नो क्रेओ के मी पाद्रे तेंगा बाकाथिओनेस.
व्हिसा वेळेत येईल का, शंकाच आहे: दूदो के एल बिसादो येगे आ तिएम्पो.
फार थंडी नसू दे: ओखाला नो आगा मूचो फ्रिओ.

तू विचारलंस, 'तिएने' पाठ केलं होतं, मग इथे 'तेंगा' कुठून आलं? 'के'च्या अलीकडे इच्छा, आशा किंवा शंका असली की पलीकडची गोष्ट घडते आहे असं आपण सांगत नसतो. ती फक्त मनात असते, आणि अशा क्रियापदाला स्पॅनिश वेगळं रूप देतं. तेच सब्जंक्टिव्ह. 'क्रेओ के तिएने बाकाथिओनेस' म्हणजे बाबांना सुट्टी आहे असं मला वाटतं. हे मी ठामपणे मांडते, म्हणून साधं रूप. त्यात 'नो' आला की 'तेंगा'.

दुसऱ्या वाक्यात मराठी तुझ्या मदतीला येते. 'यावं' हे आपलं विध्यर्थी रूप, तिथे 'बेंगान' सहज सुचतं. खरी अडचण पहिल्या, तिसऱ्या आणि चौथ्या वाक्यात आहे. तिथे आपण 'असाल', 'असेल', 'येईल' म्हणतो, आणि मराठी माणूस हमखास भविष्यकाळ घालून 'दूदो के येगारा' लिहितो. ते चूक आहे. आजच्या बोलीत सब्जंक्टिव्हला वेगळा भविष्यकाळ नाही. 'येगे' हे एकच रूप आज आणि उद्या, दोन्हींना पुरतं. म्हणून मराठीतल्या '-ईल'कडे न बघता आधी 'के'च्या अलीकडचं क्रियापद बघ.

रूप बनवायला 'मी'चं रूप घे: तेंगो, बेंगो, आगो. शेवटचा 'ओ' काढ. '-आर'च्या क्रियापदांना 'ए' लाव, '-एर' आणि '-इर'च्यांना 'आ'. आब्लो-आब्ले, कोमो-कोमा, तेंगो-तेंगा. सेआ, एस्ते, बाया, आया, सेपा, दे ही सहा मात्र या नियमात बसत नाहीत, ती पाठच कर.

कर्ता एकच असेल तर 'के' नकोच. 'मला यायचंय' म्हणजे 'किएरो बेनिर', मूळ रूप तसंच. 'ओखाला'नंतर मात्र नेहमी सब्जंक्टिव्हच.

काकूंनी 'तू' म्हणायला सांगितलं, आणि स्पेनमध्ये बहुतेक सांगतातच, की पहिल्या वाक्यात 'एस्ते'चं 'एस्तेस' कर.