हलकी बाग, नवं वर्ष

1 जानेवारी 2026. सगळ्यांना नव्या वर्षाच्या शुभेच्छा.

सरलेलं वर्ष आम्हा निफाडच्या द्राक्षवाल्यांना फार जड गेलं. सगळं छान चाललंय, असं लिहायला हात धजत नाही.

नुकसान ऑक्टोबर छाटणीनंतर दिसलं, पण झालं होतं ते मे-जूनमध्येच. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर साधारण चाळीस ते साठ दिवसांत काडीच्या डोळ्यात पुढच्या हंगामाचा घड धरतो, आणि त्याला कडक ऊन लागतं. यंदा मेमध्येच पाऊस बसला. मुंबईत तर 26 मेला मान्सून पोचला. ढगाळ हवेत काड्या नुसत्या माजल्या, डोळे रिकामे राहिले. पाणी साचून पांढरी मुळी कुजली. छाटणीनंतर फुटी निघाल्या त्या कुठे वांझ, कुठे गोळी घड, तर कुठे घडाच्या जागी नुसता ताणा, म्हणजे बाळी झालेली. ओळखीतल्या काहींनी उभ्या बागेला कुऱ्हाड लावली. त्यांना नावं ठेवू नका. औषधाचं बिल आणि सोसायटीचा हप्ता घड मोजून येत नाहीत. आणि बागेत आपलंच काहीतरी चुकलं म्हणून झोप घालवून बसलेल्यांनो, ऊन कुठल्याच दुकानात मिळत नाही.

आमच्या वेलींवर एरवी तीसेक घड ठेवतो, यंदा कुठे आठ, कुठे दहा. पण आहेत ते चांगले आहेत. मण्यांत पाणी उतरतंय, आणि अशात थंडी वाढली की मणी तडकतात. म्हणून पहाटे ठिबक चालू ठेवतो, कारण विहिरीचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं. पारा फारच खाली आला तर बांधावर शेकोट्या पेटवतो. भुरी ही बुरशी आली का, ते रोज घडाच्या आत बोट घालून बघायचं. ती आधी आत, सावलीत बसते.

यंदा माल लवकर संपेल, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू. वेलीला पंधरा-वीस दिवस विश्रांती देऊन खरड छाटणी मार्चअखेर उरकायची, म्हणजे पाऊस लवकर आला तरी उन्हाचे दिवस हाती लागतील. सात पानांवर शेंडा मारून बगलफुटीची काडी, म्हणजे सबकेन, नत्राला हात आखडता, दाट फुटी वेळेवर काढायच्या. आणि ऑक्टोबर छाटणीआधी काडी तपासणी केल्याशिवाय कात्री लावायची नाही. घड कितव्या डोळ्यावर आहे हे कळलं, तर त्याच्या पुढे एक डोळा राखून छाटता येतं. घडच नसेल, तर पुढचा खर्च तरी वाचतो.

कर्ज एका वर्षात फिटणार नाही, हे घरात सगळ्यांसमोर बोलून झालंय. बोलल्यावर जेवण जरा गोड लागलं.

पहिली तोडणी फेब्रुवारीच्या अखेरीस धरली आहे. घरी खायला पेटी हवी असेल त्यांनी आत्ताच सांगून ठेवा, माल थोडा आहे.